वादविवादाच्या सराव फेरीतली उलटतपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयाच्या वादविवाद मंडळात सराव फेरी जाहीर झाली की नव्या-जुन्या वक्त्यांकडून तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. भाषण कसं लिहायचं हे बहुतेकांना जमतं. समोरच्याला तीन मिनिटं प्रश्न विचारायची वेळ आली की मात्र हात थरथरतो. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळी उदाहरणं मुद्दाम एकाच विषयावरची घेतली आहेत: "भारतात मतदान सक्तीचं करावं." या विषयात दोन्ही बाजूंकडे खरे आणि भक्कम दाखले आहेत, त्यामुळे चांगला प्रश्न आणि वाईट प्रश्न यातला फरक लगेच दिसतो.

सराव फेरीत उलटतपासणी कधी होते आणि कोण कुणाला प्रश्न विचारतं?

प्रत्येक बाजूला दोन वक्ते असतात. प्रत्येक मुख्य भाषण सहा मिनिटांचं आणि ते संपल्याबरोबर तीन मिनिटांची उलटतपासणी. प्रश्न विचारणारा विरुद्ध बाजूचा असतो, पण लगेच पुढे बोलणारा नसतो. अनुकूल बाजूच्या पहिल्या वक्त्याला प्रतिकूल बाजूचा दुसरा वक्ता प्रश्न विचारतो. तोपर्यंत प्रतिकूल बाजूचा पहिला वक्ता आपल्या भाषणाची जुळवाजुळव करू शकतो, आणि मिळालेली उत्तरं तिथल्या तिथे भाषणात घेऊ शकतो. म्हणून जोडीदाराने त्या तीन मिनिटांत कागदात डोकं खुपसून बसू नये. एक कान प्रश्नोत्तरांकडे हवाच.

तीन मिनिटांत नीट विचारलेले सात-आठ छोटे प्रश्न बसतात. त्याहून जास्त बसवायला गेलात तर परीक्षकांच्या लक्षात एकही राहत नाही.

प्रश्न विचारायचा म्हणजे तिथेच खंडन करायचं ना?

नाही. सराव फेरीत सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो याच गैरसमजामुळे. "आपण म्हणता सक्तीने लोकशाही मजबूत होते, पण लोक नाराजीने मत देतील, कुणालाही देतील, मग अशी लोकशाही काय कामाची, हे आपल्याला मान्य नाही का?" हे प्रश्नचिन्ह लावलेलं भाषण आहे. समोरचा वक्ता "नाही, मान्य नाही" म्हणतो आणि स्वतःचा मुद्दा पुन्हा एकदा सांगायला लागतो. त्याला फुकटची तीस सेकंदं मिळाली.

उलटतपासणीत मिळवायची असते ती कबुली. समोरच्याच्या तोंडून निघालेलं एखादं छोटं विधान, जे तो पुढे मागे घेऊ शकणार नाही आणि ज्यावर तुमच्या बाजूचा पुढचा वक्ता उभा राहील. त्या विधानाचा अर्थ काय, त्याने मुद्दा कसा ढासळतो, हे सगळं भाषणात सांगायचं. मिळालेली कबुली भाषणात कशी आणायची, ते शेवटाकडे वेगळ्या प्रश्नात दिलं आहे.

प्रश्न घरून लिहून आणायचे की ऐकता ऐकता सुचू द्यायचे?

दोन्ही. विषय कळल्यावर समोरची बाजू कोणते दाखले आणणार हे बरंचसं ठरलेलं असतं. सक्तीच्या मतदानावर अनुकूल बाजू ऑस्ट्रेलिया आणणारच. प्रतिकूल बाजू विधी आयोगाचा अहवाल आणि नोटाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणणारच. या तीन-चार दाखल्यांवरचे प्रश्न आधी लिहून ठेवा. भाषण ऐकताना मात्र वहीचं पान उभं दुमडा. डाव्या बाजूला समोरच्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, उजव्या बाजूला प्रश्न. "जसेच्या तसे" यावर भर आहे, कारण "आपण 'प्रत्येक नागरिकाला' असा शब्द वापरलात" असं म्हणून सुरू केलेल्या प्रश्नाला बगल देणं फार कठीण जातं.

लिहून आणलेले प्रश्न समोरच्याने तो दाखला दिलाच नाही तरी विचारणारे काही जण असतात. असं करू नका. त्याने न मांडलेल्या मुद्द्यावर कबुली मिळवून उपयोग शून्य.

पुराव्याची तपासणी सुरू कुठून करायची? आकडा ऐकला की मला काहीच सुचत नाही.

कुठलाही आकडा ऐकला की त्यात दावा आणि पुरावा कुठे जोडलेत ते शोधा. साधारण चार जोड असतात. आकडा नेमका कशाचा आहे? तो कधीचा आणि कुणी मोजलेला? समोरचा जे कारण सांगतो तेच त्याचं कारण आहे का? आणि तिथे जे झालं ते इथे का होईल? चारही जोड ठोकून बघायला वेळ नसतो. जो कच्चा वाटतो, त्याच्यावरच सगळे प्रश्न खर्च करा.

आता ऑस्ट्रेलियाचाच दाखला घेऊ. अनुकूल बाजूचा वक्ता म्हणतो: "ऑस्ट्रेलियात १९२२ च्या निवडणुकीत मतदान साठ टक्क्यांच्याही खाली होतं. १९२४ मध्ये सक्तीचा कायदा झाला आणि १९२५ मध्ये मतदान एक्याण्णव टक्क्यांच्या वर गेलं. भारतातही हेच होईल."

हा आकडा खरा आहे. जुना असला तरी त्याने काही बिघडत नाही, कारण मुद्दाच कायद्याच्या आधीचा आणि नंतरचा आहे. कारणाचा जोडही पक्का आहे: एकाच निवडणुकीत तीसहून जास्त टक्क्यांची उडी दुसऱ्या कशाने समजावणं अवघड. राहिला शेवटचा जोड. तिथलं इथे का होईल? तपासणी तिथेच करायची. चांगली तपासणी अशी दिसते:

"आपण दिलेली टक्केवारी नोंदणी झालेल्या मतदारांपैकी आहे, की सगळ्या प्रौढांपैकी?"
"नोंदणी झालेल्यांपैकी."
"ऑस्ट्रेलियात मतदान सक्तीचं होण्याआधीच यादीत नाव नोंदवणं सक्तीचं झालं होतं, बरोबर?"
"हो, आधीच झालं होतं."
"भारतात नाव नोंदवण्याची सक्ती आपल्या योजनेत आहे का?"
"आम्ही फक्त मतदानाच्या सक्तीबद्दल बोललो."
"म्हणजे ज्याने नाव नोंदवलंच नाही, त्याला आपल्या योजनेत दंड नाही?"
"...नाही."
"आणि ज्याचं नाव गावच्या यादीत आहे, पण कामासाठी जो दुसऱ्या राज्यात आहे, त्याला दंड आहे?"
"योग्य कारण दिलं तर सूट मिळेल."
"ते कारण त्याने कुणाकडे आणि कधी द्यायचं, हे आपण भाषणात सांगितलंत का?"
"नाही."
"धन्यवाद."

शेवटच्या "धन्यवाद" नंतर थांबायचं. मिळालेल्या गोष्टी दोन: या योजनेत नाव न नोंदवणारा सुटतो आणि नोंदवणारा अडकतो, आणि सूट देण्याची यंत्रणा भाषणात नाही. यावर पुढचा वक्ता बीडच्या ऊसतोड मजुराचं उदाहरण देऊ शकतो. २०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, म्हणजे गाळप हंगामाच्या तोंडावर. त्या काळात हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर जायच्या घाईत असतात. प्रश्न परक्या देशाच्या आकड्यावर सुरू झाला आणि आपल्या गावच्या मतदार यादीवर येऊन थांबला, म्हणून तो परीक्षकांच्या लक्षात राहतो.

समोरच्याचा आकडा खरा आणि कारणही खरं असेल, तर मी काय करू?

मान्य करा आणि पुढे जा. खऱ्या गोष्टीवर शंका घेणारा वक्ता स्वतःचीच पत घालवतो. ऑस्ट्रेलियाच्या उडीवर "ती लोकसंख्या वाढल्यामुळे झाली असेल ना?" असं विचारणारा सरावात हमखास भेटतो. टक्केवारी लोकसंख्येने वाढत नाही, हे समोरचा एका वाक्यात सांगतो आणि परीक्षक त्याच्याकडे झुकतात.

शिवाय उलटा दाखलाही उपलब्ध आहे. नेदरलँड्समध्ये १९१७ पासून सक्ती होती. ती १९७० मध्ये उठवली आणि जे मतदान पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास असायचं ते १९७१ च्या निवडणुकीत सुमारे ७९ टक्क्यांवर आलं. सक्ती आली की वाढ, गेली की घट. कारणाचा जोड इतका भक्कम असताना प्रतिकूल बाजूने त्यावर वेळ घालवू नये.

त्याऐवजी साखळीचा पुढचा दुवा पाहा. अनुकूल बाजूचं म्हणणं दोन दुव्यांचं आहे: सक्तीने मतदान वाढतं, आणि मतदान वाढलं की लोकांचं प्रतिनिधित्व सुधारतं. पहिला दुवा सिद्ध झालाय. दुसरा बहुतेक वेळा नुसता गृहीत धरलेला असतो. "पहिल्या दुव्यासाठी आपण दोन देशांचे आकडे दिलेत. दुसऱ्या दुव्यासाठी कोणता दाखला दिलात?" या एका प्रश्नावर अनेक फेऱ्यांचं पारडं फिरतं. ऑस्ट्रेलियात २०२२ च्या निवडणुकीत पाच टक्क्यांहून थोडी जास्त मतं अवैध ठरली, हे माहीत असेल तर पुढचा प्रश्न विचारता येतो: "केंद्रावर येऊन कोरी किंवा चुकीची मतपत्रिका टाकणारा माणूस आपल्या हिशेबात प्रतिनिधित्व मिळालेला धरायचा का?" पण सगळ्याच अवैध मतांमागे नाराजी असते असं म्हणू नका. चुकून अवैध होणारी मतंही त्यात असतात आणि तयारी केलेला वक्ता तुम्हाला तिथेच पकडेल.

पहिल्या आणि दुसऱ्या वक्त्याला एकाच प्रकारचे प्रश्न विचारायचे का?

नाही. पहिला वक्ता व्याख्या आणि योजना मांडतो, म्हणून त्याला सीमारेषा विचारा. सक्ती म्हणजे नेमकं काय, केंद्रावर हजेरी की वैध मत? मतदान गुप्त असल्याने वैध मत दिलं की नाही हे तपासता येत नाही, त्यामुळे प्रामाणिक उत्तर "हजेरी" हेच आहे. ते उत्तर मिळालं की "प्रत्येकाचं मत मोजलं जाईल" हे वाक्य त्या बाजूला पुन्हा वापरता येत नाही. दंड किती, वसूल कोण करणार, अपवाद कुणाला, हेही पहिल्यालाच.

दंडाच्या प्रश्नाला एक साधा हिशेब जोडता येतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत यादीत सुमारे ९७ कोटी मतदार होते आणि मतदान सुमारे ६६ टक्के झालं. म्हणजे सुमारे ३३ कोटी लोकांनी मत दिलं नाही. "सक्तीनंतर यातले नव्वद टक्के लोक आले असं मानू. तरी उरलेल्या तीन कोटींहून जास्त लोकांना नोटीस पाठवणार कोण?" इथे उदारपणे नव्वद टक्के धरले आहेत. मुद्दाम तसंच करा. समोरच्याला सोयीचा आकडा धरूनही प्रश्न उभा राहत असेल, तर त्याला आकड्यावर वाद घालायला जागा राहत नाही.

दुसऱ्या वक्त्याला मात्र जोडीदाराशी असलेली विसंगती विचारा. पहिला म्हणाला दंड नाममात्र असेल, दुसरा म्हणतो दंडाच्या धाकाने लोक येतील. "आपल्या पहिल्या वक्त्यांनी 'नाममात्र' शब्द वापरला. नाममात्र दंडाचा धाक वाटेल असं आपलं म्हणणं आहे का?" इथे ऑस्ट्रेलियाचा दंड वीस डॉलरच आहे हे उत्तर तयार वक्ता देईल. ते आलं तर निमूट पुढच्या प्रश्नावर जा.

सगळी उदाहरणं अनुकूल बाजूला अडचणीत आणणारी आहेत. प्रतिकूल बाजूला काय विचारायचं?

प्रतिकूल बाजूची सवय अशी की तत्त्वाचा आणि व्यवहाराचा असे दोन्ही मुद्दे एकत्र आणायचे. सक्ती जुलमी आहे आणि सक्ती राबवताच येणार नाही. दोन्ही एकाच वेळी खरे असणं कठीण. "जो दंड वसूलच होणार नाही, त्याचा जुलूम कुणावर होणार?" हा प्रश्न छोटा आहे आणि त्यातून सुटायला जागा कमी आहे. हुशार वक्ता म्हणेल, अंमलबजावणी मनमानी होईल, काहींवरच होईल, म्हणून जुलूम. ते उत्तर चांगलं आहे. पण मग त्याला पुढे तोच एक मुद्दा धरून चालावं लागतं.

दाखल्यांत प्रतिकूल बाजू दोन ठिकाणी हमखास वाहवत जाते. पहिलं ठिकाण २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. "सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मत न देणं हा हक्क आहे, म्हणून सक्ती घटनाबाह्य." त्या निकालाने मतदान यंत्रावर नोटाचं बटण आणलं आणि वरीलपैकी कुणीच नको हे गुप्तपणे सांगण्याची सोय दिली. न्यायालयासमोर सक्तीच्या मतदानाचा कायदा नव्हताच. म्हणून विचारा: "त्या खटल्यात न्यायालयापुढे सक्तीच्या मतदानाचा एखादा कायदा होता का?" आणि मग: "सक्ती असली तरी मतदाराला नोटाचं बटण दाबता येईल ना?" दुसऱ्या प्रश्नाला "हो" म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरं ठिकाण विधी आयोगाचा २५५ वा अहवाल, मार्च २०१५ चा. त्यात सक्तीचं मतदान आणू नये अशीच शिफारस आहे, तेव्हा त्याच्या खरेपणावर प्रश्न नको. "आयोगाने दिलेल्या कारणांपैकी आपण कोणतं कारण आज इथे मांडता आहात?" असं विचारा. अहवालाचं फक्त नाव पाठ केलेला वक्ता इथे अडतो. ज्याने तो वाचलाय तो शांतपणे कारण सांगतो, आणि मग तुमच्याकडे निदान तपासायला एक ठोस कारण तरी येतं.

गुजरातमध्ये सक्तीचं मतदान लागू झालं होतं, असं समोरच्याने सांगितलं. हे खरं आहे का?

अर्धं. गुजरातने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांसाठी सक्तीच्या मतदानाचं विधेयक २००९ मध्ये मंजूर केलं. राज्यपालांची मंजुरी मिळायला २०१४ उजाडलं आणि ऑगस्ट २०१५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. म्हणजे कायदा झाला, पण परिणाम मोजता येईल अशी निवडणूक त्याखाली पार पडलीच नाही. प्रश्न एकच पुरतो: "या कायद्याखाली झालेल्या एखाद्या निवडणुकीतली टक्केवारी आपण सांगू शकता का?" प्रतिकूल बाजूने "न्यायालयाने रद्द केला" म्हटलं तरी तेही चूक आहे. स्थगिती आणि रद्द होणं यातला फरक त्यांनाही विचारा.

नोटाबद्दल प्रश्न विचारताना माझा एकदा घोळ झाला. "नोटाला जास्त मतं मिळाली तरी काही होत नाही" हे बरोबर ना?

निवडणूक कोणती, यावर अवलंबून. लोकसभा आणि विधानसभेत नोटा पहिल्या क्रमांकावर आलं तरी त्यानंतर सर्वाधिक मतं मिळवणारा उमेदवार निवडून येतो. २०१९ च्या विधानसभेत लातूर ग्रामीण मतदारसंघात नोटा दुसऱ्या क्रमांकावर होतं. तिथे ते पहिलं आलं असतं तरी निकाल बदलला नसता. पण महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी वेगळा आदेश काढला. तिथे नोटाला सर्वाधिक मतं मिळाली तर फेरनिवडणूक घ्यायची आहे. म्हणून प्रश्नात "विधानसभा निवडणुकीत" हे शब्द घालाच. ज्या प्रश्नाला अपवाद आहे, तो अपवाद समोरच्याने सांगायच्या आधी प्रश्नातच कापून टाकायचा असतो.

"हो किंवा नाही एवढंच सांगा" असा आग्रह धरता येतो का?

ज्याचं उत्तर खरोखर हो किंवा नाही असं आहे तिथे धरता येतो. "आपल्या योजनेत दंड आहे का?" यावर धरा. "सक्तीने लोकशाही सुधारते का?" यावर धरू नका. तिथे समोरच्याला एक वाक्य स्पष्टीकरण देऊ न देणारा वक्ता परीक्षकांना आडमुठा वाटतो.

न्यायालयातल्या उलटतपासणीत उत्तर सुचवणारे प्रश्न चालतात, ते इथेही चालतात. "कायदा १९२४ चा, बरोबर?" हा तसाच प्रश्न. "कायदा कधी झाला?" असं विचारलं तर समोरचा आठवत बसतो आणि तुमची दहा सेकंदं जातात. माहीत असलेली गोष्ट सांगून फक्त होकार घ्या.

समोरचा लांबलचक उत्तरं देऊन वेळ खातो. त्याला थांबवायचं कसं?

तीन मिनिटं प्रश्नकर्त्याची असतात. पहिलं वाक्य पूर्ण होऊ द्या, मग "आभारी आहे, उत्तर मिळालं" म्हणून पुढचा प्रश्न सुरू करा. आवाज चढवायची गरज नाही. तो उलट प्रश्न विचारू लागला तर "आपली पाळी आली की अवश्य विचारा" एवढं पुरे. पण एक बघा: उत्तरं लांबतायत त्याला कधीकधी प्रश्नच जबाबदार असतो. "का" आणि "कसं" ने सुरू होणारा प्रश्न म्हणजे भाषणाचं निमंत्रण.

समोरचा "माहीत नाही" म्हणाला तर तो प्रश्न वाया गेला का?

मुळीच नाही, पण कशावर म्हणाला ते पाहा. स्वतः दिलेल्या आकड्याचा आधार त्याला माहीत नसेल तर ती मोठी कबुली आहे. ती नोंदवा आणि पुढे जा. तुम्ही बाहेरून आणलेल्या एखाद्या बारीक माहितीबद्दल तो "माहीत नाही" म्हणाला, तर परीक्षक ते त्याच्या विरोधात धरत नाहीत. "बेल्जियमने सक्ती कोणत्या साली आणली?" ही सामान्यज्ञानाची परीक्षा झाली. बेल्जियमचं नाव त्याने घेतलंच नसेल तर तो प्रश्न विचारू नका.

दाखला बनावट आहे असं मला वाटतंय. तसं सरळ म्हणू का?

म्हणू नका. कुठून घेतला, कोणत्या सालचा, कुणी मोजला, एवढं ओळीने विचारा. "एका पाहणीनुसार ऐंशी टक्के तरुणांना सक्ती हवी आहे" असं कुणी म्हणालं तर पाहणी कुणी केली, किती जणांची, आणि प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला होता, हे तीन प्रश्न. उत्तरं नसतील तर परीक्षकांना समजतं. सराव फेरीत आमचा आग्रह असतो की प्रत्येकाने दाखल्याचा छापील कागद किंवा फोनवरचं पान जवळ ठेवावं आणि मागितल्यावर दाखवावं. मागायला संकोच करू नका. तो दाखवणाऱ्याचाही फायदा असतो.

उत्तर देणाऱ्याने काय करायचं?

छोटं आणि खरं उत्तर द्यायचं, आणि परीक्षकांकडे बघून द्यायचं. होकार देणं भाग असेल तर एका श्वासात होकार आणि कारण दोन्ही सांगा: "हो, हजेरीच. कारण मत गुप्त राहिलं पाहिजे." आधी कारण देऊन मग होकार दिलात तर टाळाटाळ वाटते, आणि प्रश्नकर्ता मध्येच तोडून फक्त होकार ऐकवू शकतो. योजनेत नसलेली गोष्ट तिथेच उभ्या उभ्या तयार करू नका. "मजुरांना सूट देऊ, आजाऱ्यांना देऊ, परीक्षा असलेल्यांना देऊ" असं म्हणत गेलात की शेवटी सक्ती उरतच नाही, आणि जोडीदाराच्या भाषणाशी मेळ राहत नाही तो वेगळाच.

समोर कनिष्ठ वर्गातली मुलगी किंवा जवळचा मित्र असेल तर "अहो-जाहो" करायचं का?

हो, फेरीपुरतं सगळ्यांना "आपण". कॅन्टीनमध्ये "तू" असलात तरी इथे नाही. "तू"वर आलं की प्रश्न मुद्द्यावरून माणसावर सरकतो, विशेषतः कनिष्ठ वक्ता समोर असताना. कनिष्ठ वक्ता गोंधळला तर प्रश्न एकदा सोप्या शब्दांत पुन्हा विचारा. दुसऱ्यांदा मात्र नाही, वेळ तुमचा आहे.

मिळालेली कबुली भाषणात कशी आणायची?

जोडीदाराच्या भाषणात, शक्यतो पहिल्या मिनिटात, आणि समोरच्याच्याच शब्दांत. "अनुकूल बाजूच्या पहिल्या वक्त्यांनी आत्ताच मान्य केलं, की नाव न नोंदवणाऱ्याला दंड नाही. मग या कायद्याचा सगळा भार कुणावर पडतो? ज्याने नाव नोंदवण्याची तसदी घेतली त्याच्यावर." कबुली, तिचा अर्थ, त्याने कोणता मुद्दा पडतो, एवढ्या तीन पायऱ्या. कबुलीत नसलेला शब्द भाषणात घुसवू नका. तो म्हणाला "सूट मिळेल" आणि तुम्ही सांगितलंत "योजना चालणार नाही असं त्यांनी मान्य केलं", तर पुढचा वक्ता परीक्षकांच्या टिपणांकडे बोट दाखवेल.

संसदीय पद्धतीच्या स्पर्धेत यातलं काही उपयोगी पडतं का?

तिथे वेगळी उलटतपासणी नसते. समोरच्याचं भाषण चालू असताना उभं राहून माहितीचा प्रश्न विचारायचा असतो, तोही त्याने परवानगी दिली तर, आणि पंधरा सेकंदांत. ब्रिटिश संसदीय पद्धतीत सात मिनिटांच्या भाषणाचं पहिलं आणि शेवटचं मिनिट त्यातून वगळलेलं असतं. प्रश्नांची मालिका तिथे रचता येत नाही, म्हणून मालिकेतला एकटा टिकेल असा एखादा प्रश्न तेवढा न्या. वरच्या संवादातला "नाव न नोंदवणाऱ्याला आपल्या योजनेत दंड आहे का?" हा तसा सुटा टिकणारा प्रश्न आहे.

सगळं हवं तसं मिळालं आणि चाळीस सेकंदं उरली. आणखी काय विचारू?

काहीच नाही. "माझे प्रश्न संपले" म्हणा आणि बसा. उरलेल्या वेळात विचारलेला "मग आपली योजना अन्याय्य नाही का?" हा प्रश्न समोरच्याला आधीच्या सगळ्या कबुल्या सावरून घ्यायची संधी देतो, आणि तो ती घेतोच. एकच अपवाद: एखादं उत्तर आवाजामुळे परीक्षकांपर्यंत नीट पोचलं नसेल, तर तेवढंच पुन्हा वदवून घ्या. "आपण 'नाही' म्हणालात, बरोबर?"